शेवटच्या तीन ओळी

मला घाईत काम जमत नाही, आणि आमच्या हॉस्पिटलात घाई सोडून दुसरं काही मिळत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी साडेअकराला गुणवत्ता समितीची मीटिंग असते. सगळ्या विभागांचे आकडे एका पीडीएफमध्ये लावून अकराच्या आत डायरेक्टरांच्या ऑफिसला पाठवायचे, हे काम माझं. तिथे या पॅकच्या नऊ प्रती छापतात, डाव्या कोपऱ्यात पिन मारतात आणि टेबलावर मांडतात. समोर एवढा मोठा स्क्रीन असतो, पण डॉक्टरमंडळी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. कागद हातात हवा आणि त्यावर पेनाने गोल करता आला पाहिजे.

मी मनस्वी कोळी, राहणार दिवाळे, शिक्षण बी.एस्सी. आयटी. बेलापूरच्या पुढे असलेल्या या हॉस्पिटलात क्वालिटी सेलमध्ये सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते आणि सहावा महिना चालू होता. मला कायम करण्याचं पत्र टाइप होऊन धनेश सरांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. सर माझे साहेब. त्यांची सही तेवढी व्हायची होती, आणि ते पत्र कुठल्या फोल्डरमध्ये आहे हेसुद्धा मला ठाऊक होतं. असं काही ठाऊक असू नये. दिवसभर तिकडेच लक्ष जातं.

त्या जूनच्या गुरुवारी मी सकाळी आठलाच येऊन बसले. कारण मागच्या मीटिंगमध्ये डायरेक्टर, डॉ. अभय साळवी, म्हणाले होते, "आकडे मुंग्यांसारखे दिसतायत. पुढच्या वेळी नीट छापा." त्यांचं बरोबर होतं. आमचा डॅशबोर्ड नऊ पानांचा. औषधांच्या चुका, जंतुसंसर्ग, रुग्ण पडण्याच्या घटना, असं एकेका विषयाला एक पान. तो मॉनिटरसाठी बनवलेला. एक्सपोर्ट केला की प्रत्येक पानाचा फोटो निघावा तसा तो पीडीएफमध्ये उतरतो. रुंद स्क्रीनचं पान ए-फोर कागदावर बसवायचं म्हणजे ते आक्रसतं, वरखाली पांढरी जागा सुटते आणि अक्षरं बारीक होतात.

म्हणून या वेळी मी छपाईसाठी वेगळी रचना लिहायला घेतली होती. कामाला सोमवारपासून लागले होते आणि सोमवारपासूनच ते माझा छळ करत होतं. पहिल्या खेपेला जंतुसंसर्गाचा आलेख मधोमध कापला गेला, अर्धा तिसऱ्या पानावर आणि अर्धा चौथ्यावर. आलेख तोडायचा नाही असं बजावलं, तर तो अख्खा खालच्या पानावर गेला आणि त्याचं शीर्षक एकटंच वर राहिलं. शीर्षकाला आलेखासोबत बांधून घातलं. मग प्रत्येक विषयानंतर नवं पान सुरू कर असं सांगितलं, तर शेवटच्या विषयानंतरही त्याने इमानदारीने नवं पान काढलं आणि पॅकच्या शेवटी एक कोरा कागद आला. धनेश सर तो कोरा कागद धरून म्हणाले, "हे काय, सह्यांसाठी ठेवलंय का?" त्यानंतर लाल खुणा छापल्या जाईनात, कारण पार्श्वभूमीचे रंग छापायचा पर्याय बंद होता. एवढं सगळं बुधवार संध्याकाळपर्यंत उरकलं होतं. आता फक्त रुग्ण पडण्याच्या घटनांचं पान राहिलं होतं.

त्या पानावर एकच तक्ता. एकेका विभागाची एक ओळ, मजल्यांच्या क्रमाने, आणि तळाशी एकूण. स्क्रीनवर तो ठरावीक उंचीच्या चौकटीत बसवला होता. मी छपाईसाठी चौकटीची उंची काढून टाकली, म्हणजे तक्ता लागेल तेवढा लांब होऊ दे. पुढच्या पानावर गेला तर मथळ्याची ओळ तिथे पुन्हा येऊ दे आणि एकही ओळ मधून तुटू नये. नऊ वाजून वीस मिनिटांनी प्रिव्ह्यू उघडला. तक्ता सुंदर आला होता. आणि त्यात तीन ओळी जास्त होत्या.

सहावा मजला अ, सहावा मजला ब, आणि सातवा मजला, पुरुष सर्जरी.

मला आधी वाटलं, या महिन्यात नवीन विभाग जोडले गेले. मग वाटलं, जोडले असते तर मलाच जोडावे लागले असते. मागच्या मीटिंगचा पॅक, म्हणजे एप्रिलच्या आकड्यांचा, काढला, तोच तक्ता उघडला आणि बोटाने ओळी मोजल्या. त्या चौदा होत्या. हॉस्पिटलात विभाग सतरा.

चौकटीत चौदा ओळी मावायच्या. बाकीच्या तीन बघायला माऊसने खाली सरकवावं लागायचं. कागद कोण सरकवणार? आणि एकूणची ओळ तळाशी चिकटवलेली, त्यामुळे तक्ता कसा अगदी पूर्ण दिसायचा. कडेला सरकवायची करडी पट्टी होती, ती दिसली असती तर निदान कुणाला तरी संशय आला असता. पण फेब्रुवारीत धनेश सर म्हणाले होते, "छापल्यावर ती पट्टी घाण दिसते यार, क्लीन कर." आणि मी ती क्लीन केली. पट्टी काढली नाही, नुसती पांढरी केली. पांढऱ्यावर पांढरी. तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

एप्रिलच्या पॅकमधल्या चौदा ओळींची मी बेरीज केली. तेरा आली. खाली एकूण छापलं होतं एकवीस. नऊ माणसांनी तो कागद हातात धरला होता, पेनाने गोल केले होते, आणि कुणीही, अगदी मीसुद्धा, ती बेरीज केली नव्हती. उरलेल्या आठात सहाव्या मजल्याच्या दोन होत्या आणि सातव्याच्या सहा.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, चुकलं तर चुकलं, दुरुस्त करायचं. पण मागच्या मीटिंगमध्ये त्या कागदावर निर्णय झाला होता. चौदा ओळींत सगळ्यात मोठा आकडा चौथ्या मजल्याचा होता, स्त्री मेडिसिन, चार. डॉ. साळवींनी त्या चारभोवती गोल केला. तिथल्या इन्चार्ज जयमाला सिस्टर. मूळच्या नांदेडकडच्या, सानपाड्याला राहणाऱ्या, बावीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांच्याकडून चार्ज काढून घेतला आणि त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. त्यांच्या फाइलला मेमो लावायचं ठरलं. त्यांनी मान्य केलं, कारण आपल्याकडे चौघी पडल्या हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या मजल्यांवर किती पडले, हे त्यांना कसं कळणार? पडल्याचा फॉर्म प्रत्येक विभाग थेट कॉम्प्युटरवर भरतो. सगळे मजले एकत्र दिसतात ते फक्त माझ्या पॅकमध्ये.

आणि आजच्या मीटिंगचा पहिला विषय होता, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. ते कायम झालं की मेमो फाइलला लागणार होता. तो मग निवृत्तीपर्यंत तिथेच राहणार.

पावणेदहाला मी दोन्ही कागद घेऊन धनेश सरांच्या केबिनमध्ये गेले. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. पुढच्या महिन्यात मानांकनवाले तपासणीला येणार होते आणि सरांची झोप उडालेली होती. त्यांनी एकदा हा कागद बघितला, एकदा तो. मग उठून दार लावलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही सर. आताच सापडलं."

"बरं. या महिन्याचा तक्ता सतरा ओळींचा जाऊ दे. बरोबर आहे ना तो? बस. मागचं काढू नकोस."

"पण सर, आज इतिवृत्त कायम होणार. सिस्टरांचा मेमो..."

"पुढच्या महिन्यात दुरुस्ती टाकू. शांतपणे. तपासणी होऊ दे."

"मेमो लागल्यावर दुरुस्ती टाकून काय होणार सर?"

मी जरा जोरात बोलले असणार. मला राग आला की आवाज बंदरावर बोलल्यासारखा चढतो, घरची सवय. सरांनी कपाळ चोळलं. "मनस्वी, पट्टी क्लीन कर म्हणून मी सांगितलं होतं, मला आठवतंय. पण केलीस तू. तिथे कोण काय विचारेल याचा अंदाज आहे तुला? आणि तुझं कन्फर्मेशन अजून व्हायचंय." हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याला टेकलेला होता.

"मग मी काय करू?"

"पॅक तू पाठवतेस," ते म्हणाले. "मी अजून बघितलेला नाही."

जागेवर येऊन बसले तेव्हा दहा वाजून पाच झाले होते. बाबांचं होडीचं कर्ज, आईची गुडघेदुखी, असलं काही मनात आणून मी स्वतःची समजूत घालू शकले असते. पण खरं सांगायचं तर मला फक्त स्वतःची नोकरी दिसत होती. चांगली एसीतली खुर्ची, गळ्यात कार्ड, घरी येताना शेजारच्या बायकांनी 'ऑफिसवाली' म्हणणं. मला ते आवडतं. ते जाईल म्हणून मी घाबरले होते. आणि दुसरीकडे तळमजल्यावरची ती रेकॉर्ड रूम, खिडकी नसलेली. परवाच मी तिथे जुनी फाइल आणायला गेले होते. सिस्टर स्टुलावर बसून पिना काढत होत्या. मला म्हणाल्या, "बस गं थोडी, इथं कुणी येतच नाही." मी घाईत आहे म्हणून निघून आले होते.

दहा वीसला मी एप्रिलचा तक्ता नव्या रचनेत काढला. मीटिंगवाले पान उलटून बघतील याचा भरवसा नाही, म्हणून तो स्वतंत्र पानावर, अगदी पहिल्या, इतिवृत्ताच्याही आधी ठेवला. वर लिहिलं: 'दुरुस्ती. मागील पॅकमध्ये या तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी छापल्या गेल्या नव्हत्या.' त्याखाली कारण दोन ओळींत आणि माझं नाव. मग एक्सपोर्ट दाबला, तर दुरुस्तीची टीप लांब झाल्यामुळे तक्त्याची सतरावी ओळ आणि एकूण पुढच्या पानावर गेली. सातवा मजला पुन्हा एकटा पडला. टीप कापली, समास कमी केला, पुन्हा काढलं. आता सतराही ओळी एका पानावर आल्या. तरी मी विश्वास ठेवला नाही. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, एकवीस आली. पॅकची सगळी पानं मोजली, प्रत्येक तक्त्याच्या ओळी मूळ डेटाशी ताडून बघितल्या. फिल्टर मे महिन्यावर आहे ना ते तीनदा पाहिलं. मे महिन्याच्या तक्त्यावरूनही नजर फिरवली, पण मी ओळीच मोजत होते. आकडे वाचले नाहीत.

दहा अठ्ठावन्नला पाठवलं.

मीटिंगमध्ये मी भिंतीलगतच्या खुर्चीत बसते, कुणाला आकडा विचारावासा वाटला तर म्हणून. डॉ. साळवींनी चष्मा लावला, पॅक उचलला आणि पहिलं पान उलटायला बोट घातलं. मग थांबले. धनेश सर पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत होते.

"मनस्वी कोण?"

मी उभी राहिले. "मी सर."

"मागचा पॅकही तुम्हीच केला होता?"

"हो सर. दोन्ही मीच."

"पट्टी पांढरी करायला मी सांगितलं होतं, सर," धनेश सर लेबलाकडे बघतच म्हणाले. मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. डॉ. साळवींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेन काढलं. मागचं इतिवृत्त कायम करू नये, मेमो रद्द, जयमाला सिस्टरांना उद्यापासून चौथ्या मजल्यावर चार्ज द्यावा. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. म्हटलं, सुटले.

मग ते रुग्ण पडण्याच्या पानावर आले, मे महिन्याच्या. या वेळी खालपर्यंत आले.

"सातवा मजला, नऊ?" ते म्हणाले. "चौदा मेच्या मीटिंगनंतर किती?"

तक्त्याच्या पुढच्या पानावर घटनांची तारीखवार यादी होती, तीही या वेळी पहिल्यांदाच पूर्ण छापली गेली होती. मी उभ्याउभ्या बोट फिरवत मोजलं. "सात, सर. एकाचं खुब्याचं हाड मोडलंय."

"दोन महिने तिथे हे चाललंय आणि आपण काही केलं नाही?"

मेट्रन बयाबाई मॅडमनी पॅक खाली ठेवला. त्या हळूच म्हणाल्या, "केलं ना सर. चौथ्या मजल्याला दोन जादा मावशी द्यायच्या ठरल्या होत्या. सातव्यावर एकही घटना दिसत नव्हती, म्हणून आपण तिथल्याच हलवल्या."

मी खाली बसले. गेले दोन तास मी त्या कागदावर दोनच माणसं बघत होते, एक मी आणि दुसऱ्या सिस्टर. सातव्या मजल्याची ओळ मी तक्त्यात ओढून आणली, एका पानावर बसवली, आणि त्या आकड्यात माणसं आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

मीटिंग संपल्यावर धनेश सरांनी सांगितलं की माझं प्रोबेशन तीन महिने वाढवलंय. "कमीच झालं असं समज," म्हणाले. मी मान हलवली. तोवर मला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं.

मी रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि सिस्टरांना सगळं सांगितलं. पट्टीपासून सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं होतं, त्या रागावतील नाहीतर रडतील. त्या पिना डबीत भरत राहिल्या.

"महिनाभर मी रोज त्या चौघींचा विचार करतेय," त्या म्हणाल्या. "कुठं माझं ध्यान नव्हतं म्हणून. त्या पडल्याच होत्या गं. ते काही तुझ्या कागदानं पुसलं जात नाही."

"सिस्टर, सॉरी."

"मला सॉरी म्हणून काय करू? खुबा कुणाचा मोडला?"

"सिताराम नावाचे आहेत एक. सातव्यावर."

"भेटलीस?"

मी नाही म्हटलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं, पदर खोचला आणि माझ्या दंडाला धरून लिफ्टकडे नेलं.

सिताराम बाबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. सत्तरीचे, सारसोळ्याचे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले आणि आता पायाला वजन लावून पडलेले. सिस्टरांनी उशी सारखी केली, पाय बघितला. बाबा माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत होते.

"तू कोनाची गं पोरी?"

"दिवाळ्याच्या धर्मा कोळ्याची."

"मंग घरचीच हाय," ते खूश होऊन म्हणाले. मग आपणहूनच सांगायला लागले. "पहाटंला संडासला जायचा व्हता. रोज ती मावशी यायची, हाताला धरून नेयाची. त्या दिशी हाक मारली. दोनदा मारली. कोनी नाय आला. म्हनलं, जाऊ आपलं आपन."

मी चादरीची घडी सरळ करत राहिले. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, पण मदतीला आल्या नाहीत.

"तू काय करतंस हितं?" बाबांनी विचारलं. "नर्स हायस काय?"

"नाही बाबा. मी कागद बनवते. महिन्यात किती जण पडले, त्याचा. साहेबांना द्यायला."

"आसा व्हय." त्यांनी जरा विचार केला. "मंग माजा नाव घेतला त्यात? का मी ऱ्हायलो?"

"घेतलं बाबा," मी म्हटलं. "या वेळी घेतलं."